मदत हवी आहे: बदलाला विरोध, लेविन वापरू की कॉटर? सोमवारी प्रकल्प द्यायचा आहे

बार्देशची विद्यार्थिनी:
नमस्कार. संघटनात्मक वर्तन या विषयाच्या प्रकल्पासाठी मी एका संस्थेतील बदलाचा अभ्यास केला. संस्थेने बदलाची निकड सांगितली, सूचना काढली आणि प्रशिक्षणही दिले, तरीही कर्मचारी विरोध करत आहेत. सर म्हणतात की एखादे टप्प्यांचे प्रतिमान, म्हणजे बदल कोणत्या क्रमाने घडवावा याची मांडणी, लावून दाखव. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनचे तीन टप्पे घ्यावेत की व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन कॉटरचे आठ, हे कृपया लवकर सांगा. सोमवारी प्रकल्प सादर करायचा आहे आणि अजून विश्लेषणाचे प्रकरण कोरेच आहे.

पर्वरीचे प्रशिक्षक:
कॉटरच घ्या. माणूस सवयीचा गुलाम असतो आणि नवीन तंत्राला तो घाबरतो. एका दुपारचे प्रशिक्षण पुरत नाही, किमान तीन सत्रे हवीत आणि शेवटचे सत्र प्रत्यक्ष कामाच्या जागी व्हायला हवे. मी बारा वर्षे हेच काम करतो आहे. भीती गेली की विरोधही जातो, असाच माझा अनुभव आहे.

काणकोणचे मास्तर:
हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काणकोणहून पेडण्याला जावे लागले तेव्हा मी दोन वेळा अर्ज केला होता. अंतराचा प्रश्न नव्हता. कोणीही आधी एका शब्दाने विचारले नाही, हे मनाला लागले. बदलीच्या आदेशाविरुद्ध दाद मागायची असल्यास अर्जाची प्रत जपून ठेवावी.

म्हादईकाठची:
मास्तर, तिने बदलाविषयी विचारले आहे, बदलीविषयी नव्हे. तरी ‘आधी विचारले नाही’ हे तुमचे वाक्य तिने टिपून ठेवावे.

निवृत्त व्यवस्थापक, मडगाव:
बाय, प्रतिमान कोणते घ्यावे हा प्रश्न नंतरचा आहे. तू संस्था कसली, बदल कोणता, कर्मचारी पगारी आहेत की कमिशनवर, आणि विरोध म्हणजे ते नेमके काय करतात, यांपैकी काहीच लिहिलेले नाहीस. काम नाकारतात, सोडून जातात, की होकार देऊन जुन्याच पद्धतीने करतात? या तीन गोष्टींची कारणे वेगवेगळी असतात.

बार्देशची विद्यार्थिनी:
क्षमस्व, हे सर्वांना कळेलच असे मी गृहीत धरले होते. म्हापशातील एक पतसंस्था आहे, नाव देत नाही. बारा पिग्मी एजंट बाजारातील दुकानांतून रोजची ठेव गोळा करतात आणि त्यांना जमा रकमेवर ३ टक्के कमिशन मिळते. पूर्वी ते ग्राहकाच्या पुस्तिकेत रक्कम लिहून सही करत. आता पावती छापणारे हातातले यंत्र दिले आहे. पंधरा मिनिटांची बैठक झाली, एक दुपार प्रशिक्षण झाले आणि एक तारखेपासून यंत्राशिवाय केलेल्या जमेवर कमिशन मिळणार नाही अशी सूचना लागली. ती एक तारीख नेमकी शुक्रवारी आली, म्हणजे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. दोन एजंटांनी काम सोडले. व्यवस्थापकांच्या नोंदीप्रमाणे उरलेले दहाही जण यंत्र वापरतात, पण सगळे नाराज आहेत.

निवृत्त व्यवस्थापक, मडगाव:
यंत्रातील नोंदींच्या वेळा पाहिल्यास का?

बार्देशची विद्यार्थिनी:
आज मुद्दाम जाऊन पाहिल्या. दहापैकी सात जणांच्या जवळजवळ सर्व नोंदी सायंकाळी सात ते आठच्या दरम्यानच्या आहेत. म्हणजे ते दिवसभर पुस्तिकेत लिहितात आणि घरी बसून सगळे यंत्रात भरतात.

निवृत्त व्यवस्थापक, मडगाव:
मग तुझ्या विश्लेषणाचे प्रकरण येथेच सुरू होते. जो माणूस दिवसभराच्या सगळ्या नोंदी एका तासात भरतो, त्याला यंत्र चालवता येत नाही किंवा तो यंत्राला घाबरतो, असे म्हणता येणार नाही. प्रशिक्षक महोदयांचे म्हणणे काही ठिकाणी खरे असते, पण येथे या वेळांनीच ते खोडून काढले आहे. त्याला यंत्र येते, तरी दुकानाच्या दारात ते नको असते. का नको, हे शोध. एका एजंटाबरोबर पूर्ण फेरी मार आणि घड्याळ लावून बस.

कामगार कायदा:
कोणत्याही प्रतिमानाआधी कायदा पाहावा. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधील कलम ९अ नुसार चौथ्या अनुसूचीतील सेवाशर्ती बदलायच्या असतील तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. पिग्मी गोळा करणारे कामगार आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात मान्य केले आहे. त्याच बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली होती. एजंटांनी एकत्र येऊन नोटीस मागावी.

म्हादईकाठची:
तो निकाल बँकांच्या ठेव संकलकांचा होता. पतसंस्थेच्या एजंटांना तो जसाच्या तसा लागू होतो का, हा वेगळा वाद आहे आणि तो येथे सुटणार नाही. तिचा प्रश्न विरोधाच्या कारणांचा आहे.

बार्देशची विद्यार्थिनी:
फेरी मारली. लक्ष्मीपूजनाच्या फुलांपासून सायकलच्या सुट्या भागांपर्यंत नव्वद दुकाने झाली. ज्या काकांबरोबर गेले, ते पूर्वी एका दुकानात सुमारे दोन मिनिटे थांबत. यंत्राने तीन मिनिटे लागतात, कारण यंत्रातील यादी खातेक्रमांकानुसार आहे आणि काका रस्त्याच्या क्रमाने चालतात. प्रत्येक दुकानात नाव शोधावे लागते. त्यात पावतीची शाई महिन्याभरात उडते म्हणून वयस्क दुकानदार पुस्तिकेतही सही मागतात. ग्राहक दारात उभा असताना काका अंगठ्याने यादी वरखाली सरकवत होते आणि दुकानदार म्हणाला, “राहू दे, उद्या ये.” काकांची रोजची जमा साधारण ९,००० रुपये असते.

निवृत्त व्यवस्थापक, मडगाव:
आता हिशेब मांड. ९,००० वर ३ टक्के म्हणजे २७० रुपये. नव्वद दुकानांना दोन मिनिटांप्रमाणे तीन तास लागत होते, तेव्हा तासाला ९० रुपये पडत. तीन मिनिटांप्रमाणे साडेचार तास लागतात, म्हणजे तासाला ६० रुपये. कमिशनचा दर कोणीही कमी केलेला नाही, तरी काकांची तासाची कमाई एक तृतीयांशाने उतरली. बैठकीत हे कोणी बोलले नाही, कारण कार्यालयात बसलेल्याला ते दिसतच नाही. सायंकाळी नोंदी भरणे हा काकांनी आपली कमाई वाचवण्यासाठी काढलेला मार्ग आहे.

लेविनचा तीन टप्प्यांपेक्षा महत्त्वाचा विचार येथे उपयोगी पडतो. चालू स्थिती ही दोन बाजूंच्या दाबांनी तोललेली असते. पुढे ढकलणारा दाब वाढवला तर स्थिती हलते, पण ताणही वाढतो. अडवणारा दाब कमी केला तर ती कमी ताणात हलते. संस्थेने निकड, तारीख आणि कमिशन रोखण्याची धमकी असे सारे ढकलणारे दाब वाढवले. अडवणाऱ्या दाबाला कोणी हातच लावला नाही. यादी रस्त्याच्या क्रमाने लावणे आणि सहा महिने पुस्तिकेत केवळ शिक्का मारण्याची मुभा देणे, या दोन गोष्टींनी बहुधा त्यातील बराच भाग गेला असता.

पर्वरीचे प्रशिक्षक:
नोंदींच्या वेळांचा मुद्दा मान्य आहे, तो मला सुचला नव्हता. परंतु कॉटरने निकड पहिल्या क्रमांकावर ठेवली आहे ती उगाच नव्हे. १९९५ च्या लेखात त्याने सांगितले की अपयशी बदलांत बहुतेक वेळा पहिली चूक तीच असते.

म्हादईकाठची:
सर, निकड म्हणजे सूचनाफलकावरची तारीख नव्हे. कॉटरच्या क्रमात निकडीनंतर पुढाकार घेणाऱ्यांचा गट बांधायचा असतो, आणि पुढे वाटेतले अडथळे काढण्याचा वेगळा टप्पाच आहे. बारा एजंटांपैकी एकही त्या गटात नव्हता. पहिला टप्पा निम्मा झाला आणि मधले गाळले गेले, असे लिहिले तर ते कॉटरच्या चौकटीतही बसते.

याच प्रकारचे एक जुने काम तुला उपयोगी पडेल. व्हर्जिनियातील हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात कोच आणि फ्रेंच यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्त्री करणाऱ्या एका गटाला पद्धत बदलल्याचे आणि नगामागचा नवा दर ठरल्याचे फक्त सांगण्यात आले. पहिल्या चाळीस दिवसांत त्यातील १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले आणि उत्पादन सावरले नाही. दुसऱ्या दोन गटांनी कामाची नवी रचना आणि दर ठरवण्यात स्वतः भाग घेतला. ते लवकर सावरले आणि जुन्या पातळीच्या सुमारे १४ टक्के वर गेले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्या गटातील उरलेल्या लोकांनाच सुमारे अडीच महिन्यांनी नव्या कामावर नेताना सहभागाची पद्धत वापरली, तेव्हा तेही लवकर सावरले. माणसे तीच होती, फक्त रीत बदलली होती. म्हणून विरोध हा माणसाच्या स्वभावात शोधू नये.

निवृत्त व्यवस्थापक, मडगाव:
त्या प्रयोगाचा आदर आहे, पण त्याच्या मर्यादाही लिही. गट सात ते अठरा माणसांचे होते आणि सर्व गटांचे काम एकसारखे नव्हते. पुढे नॉर्वेतील पादत्राणांच्या कारखान्यात त्याची पुनरावृत्ती केली, तेव्हा परिणाम बराच सौम्य निघाला. जेथे कामगारांना आपला सहभाग उचित वाटत नाही, तेथे तो फारसा चालत नाही. शिवाय हारवुडमध्ये बदल करायचा हे व्यवस्थापनाने आधीच ठरवले होते, फक्त तो कसा करायचा हे विचारले. तुझ्या पतसंस्थेतही यंत्र मागे घेणार नसतील तर तसे स्पष्ट सांगूनच एजंटांना बोलवावे. ठरलेल्या निर्णयावर मत मागण्याचा देखावा केला तर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

बार्देशची विद्यार्थिनी:
एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती मला गैरसोयीची वाटत होती. काकांनी परतताना सांगितले की एखादा दुकानदार चार दिवस पैसे देत नाही, तेव्हा ते त्याच्या चारही दिवसांच्या रकान्यांत पाचव्या दिवशी एकदम भरतात, कधी स्वतःच्या खिशातूनही. यंत्रात मागची तारीख घालता येत नाही. आणि व्यवस्थापक म्हणतात की कोणी पैसे दोन-तीन दिवस स्वतःजवळ ठेवू नयेत, यासाठीच यंत्र आणले.

निवृत्त व्यवस्थापक, मडगाव:
ही गोष्ट लपवू नकोस, तिच्यामुळे तुझा प्रकल्प खरा होतो. येथे संस्थेचे म्हणणेही रास्त आहे. कॉटर आणि श्लेसिंजर यांनी १९७९ साली विरोधाची जी चार कारणे सांगितली, त्यांत गैरसमज वेगळा आहे आणि स्वतःचे काही गमावण्याची भीती वेगळी आहे. गैरसमज समजावून दूर होतो. गमावण्याचा प्रश्न वाटाघाटीने सोडवावा लागतो. मागची तारीख मिळणार नाही, पण थकलेले हप्ते एकत्र भरण्याची वेगळी नोंद ठेवता येईल का, हे बोलावे लागेल. येथे सरसकट सहभाग हे उत्तर नाही.

दोन कारणे वेगळी कशी ओळखावी, तर आधी यादीचा क्रम दुरुस्त करावा आणि दोन आठवड्यांनी नोंदींच्या वेळा पुन्हा पाहाव्यात. ज्यांच्या नोंदी दिवसभरात पसरल्या, त्यांचा विरोध वेळेचा होता. ज्यांच्या तरीही सायंकाळीच येतात, त्यांच्याशी एकेकटे बसून बोलावे.

कामगार कायदा:
आणि जे दोघे गेले, त्यांचे थकलेले कमिशन मिळाले का?

बार्देशची विद्यार्थिनी:
ते मी विचारलेच नाही. उद्या विचारते. व्यवस्थापकांनी यादीचा क्रम बदलण्याविषयी यंत्र पुरवणाऱ्यांना कळवण्याचे मान्य केले आहे, पण दोन आठवड्यांचे निकाल सोमवारपर्यंत माझ्या हाती येणार नाहीत. लेविनची दाबांची मांडणी, हिशेब आणि वेळांचा तक्ता एवढेच देते. काकांनी आज दुकाने ज्या क्रमाने घेतली, तो क्रम कागदावर लिहून दिला आहे आणि तोच परिशिष्टात जोडते.

पर्वरीचे प्रशिक्षक:
जोडा. पण मला अजूनही वाटते की एक सत्र बाजारातच घेतले असते तर यादीची अडचण पहिल्याच दिवशी दिसली असती.