मदत हवी आहे: पत्रिकेत फोन नंबर मराठी आकड्यात ठेवू की इंग्रजी?

दारव्हा_छपाई: मागच्या आठवड्यात लग्नाच्या ३०० पत्रिका स्क्रीन प्रिंटिंगनं काढल्या. मरून कार्ड, सोनेरी शाई, नंबर मराठी आकड्यात ९ पॉइंटमध्ये. शेवटचे पाच आकडे ४११४८. पाहुण्यांचे फोन भलत्याच घरी चालले. दोघांनी पहिला ४ म्हणून 8 दाबला, एकानं दोन्ही १ चे 9 केले. आता पत्रिका नव्यानं छापायच्या आहेत आणि मांडवाच्या फाट्यावर बोर्डही लावायचा आहे. काय करू?

राजू_फ्लेक्स: आकडे बोल्ड कर भाऊ, अन् साइज वाढव.

जुना_कंपोझिटर: साइज वाढवा, ते बरोबर. बोल्डनं मात्र उलटं होईल. स्क्रीनमधून शाई पसरते. ४ चं वरचं तोंड आधीच अरुंद, ते बुजलं की सरळ 8 दिसतो. १ तर 9 च्याच वळणाचा आहे, आणि माणूस कार्ड पाहून इंग्रजी आकड्यांच्या कीपॅडवर बोट ठेवतो. म्हणून नंबर इंग्रजी आकड्यात घ्या, साध्या एरियलमध्ये, १२ पॉइंट, पाच-पाचच्या दोन गटांत, मध्ये मोकळी जागा. बऱ्याच जुन्या मराठी फॉन्टांत फक्त नंबर सिलेक्ट करून फॉन्ट बदलला की तेच आकडे इंग्रजी होतात. पण नंतर कोणी अख्ख्या मजकुराचा फॉन्ट बदलला तर परत मराठी होतात, म्हणून शेवटी कर्व्ह करून ठेवा.

वणीची_सून: तिथी अन् मुहूर्तही इंग्रजीत लिहायचा का? आमच्याकडे वडीलधारे रागावतील.

जुना_कंपोझिटर: नाही ताई. तारीख, वेळ वाचायची असते, दाबायची नसते. शिवाय तारखेत एक आकडा पुसट असला तरी वार जुळवून कळतो. नंबरात तसा काही आधार नसतो.

वणीची_सून: माझ्या आजीला मात्र इंग्रजी आकडे येत नाहीत. ती नंबर मराठीतच वाचून दाखवते, मी लावते. दोन्हीत छापा ना.

राजू_फ्लेक्स: आम्ही एका कृषी केंद्राच्या बोर्डावर दोन्ही छापले होते. लोकांना वाटलं दोन वेगळे नंबर आहेत, एक लागला नाही की दुसरा लावायचे. बोर्डाचं मोजमाप मात्र सांगतो: दर दहा फुटाला आकड्याची उंची एक इंच. चाळीस फुटांवरून वाचायचा असेल तर चार इंच.

दारव्हा_छपाई: आज एक कार्ड काढून पाहिलं. पोऱ्यानं नंबर संगणकावरून नाही, छापलेल्या कार्डावरून वाचला, मी लावला. वरबापाच्याच खिशात फोन वाजला. बोर्डावर फाट्याच्या हिशेबानं चार इंच घेतो. आजीचं कोडं मात्र सुटलं नाही. पत्रिकेवर नंबराखाली अक्षरी लिहिलं, ‘चार एक एक चार आठ’ असं, तर चालेल का? कोणी करून पाहिलं आहे?