पैसे अडकले की दोष बँकेचा, ॲपचा नाही?

स्नेहल: हे यूपीआयने पैसे पाठवायचं ॲप वापरायला एकदम सोपं आहे, माझे पाचपैकी पाच. व्यवहार अडकतो तो बँकेमुळे, उगाच ॲपला शिव्या देऊ नका. एक दिवस थांबलं की पैसे येतात परत.

माधव: माझ्या बाबांना हे सोपेपणच नडलं. पैसे पाठवले, चक्र फिरत राहिलं. मग बारीक अक्षरात "प्रक्रिया सुरू आहे" आणि त्याखाली भलंमोठं बटण, "पुन्हा पाठवा". त्यांनी ते दाबलं. अर्ध्या तासात दोन्ही व्यवहार पोचले, पैसे दुप्पट गेले. तक्रारीला उत्तर काय? "दोन्ही व्यवहार यशस्वी." ते बटण तिथे बँकेने ठेवलं होतं का?

किरण: भरपाई मागा ना! दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आले नाहीत तर रोजचे 100 रुपये मिळतात.

रोहिणी: मला तर ॲप उघडलं की आधी कर्जाची जाहिरात दिसते. शिल्लक बघायला तीन वेळा बोट सरकवावं लागतं. आईने त्या नादात कर्जाचा अर्ज अर्धा भरून ठेवला होता!

स्नेहल: जाहिरातींचा इथे काय संबंध?

रोहिणी: संबंध आहे. "वापरायला सोपं" तुम्हीच लिहिलंत. कर्जाचं बटण पहिल्या पानावर आणि तक्रारीचं चार पानं आत, याला सोपं म्हणायचं?

माधव: अगदी. बाबांना तक्रारीचं पान सापडलंच नाही, मी शोधून दिलं.

वैशाली: मी बँकेत तक्रारींचंच काम केलंय. किरण, तुमचं अर्धंच बरोबर. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे कापले जाऊन पोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. विक्रेत्याला दिलेले असतील तर मुदत पाच दिवसांची. त्यानंतर रोज 100 रुपये, आणि ते न मागता जमा व्हायला हवेत. माधव, तुमच्या बाबांना मात्र हा नियम लागू नाही, कारण काहीच फसलं नव्हतं. पैसे एका बँकेत कापले जातात, दुसरीत जमा होतात. मधला निरोप उशिरा आला की व्यवहार लटकतो, पण बुडालेला नसतो. अशा वेळी पुन्हा पाठवायचं नाही, आधी खात्याचा तपशील बघायचा. जास्तीचे पैसे आता समोरच्यानेच परत करायचे. आणि तक्रार चॅटवर नको, त्याच व्यवहारावर जाऊन नोंदवा. म्हणजे 12 अंकी संदर्भ क्रमांक तक्रारीसोबत जातो. नुसत्या स्क्रीनशॉटवर आम्हाला काही शोधता येत नसे.

किरण: न मागता? माझे आठ दिवस अडकले होते, एक रुपया आला नाही.

वैशाली: व्यक्तीला पाठवले होते की विक्रेत्याला?

स्नेहल: बरं, ते बटण चुकीचं आहे, एक तारा कमी करते. पण बँकांनाही जाब विचारा.

माधव: एकच? समोरचा माणूस आता बाबांचा फोनही उचलत नाही.