मदत हवी आहे: एकाच फोटोवरून ‘ई’ काय लिहायचं?

नमस्कार. मी नागपुरात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्वचारोगाच्या सरावात एक फोटो मिळालाय: टाचेजवळ, तळपायावर काळपट डाग, शेजारी मोजपट्टी. वर्णन एबीसीडीई निकषांनी करायचं आहे.

माझं असं झालंय. मधून आडवी-उभी रेघ कल्पून पाहिली, अर्धे भाग जुळत नाहीत. कड एका बाजूला दातेरी आहे, दुसरीकडे त्वचेत विरत जाते. रंग तपकिरी, काळा, मध्ये निळसर राखाडी. सर्वांत मोठा व्यास ११ मिमी, म्हणजे ६ च्या वर.

अडलंय ते ‘ई’वर, म्हणजे बदलावर. रुग्णाचा इतिहास दिलेला नाही. मैत्रीण म्हणते, बाकी चार आहेत तर ‘बदलतोय’ लिहून टाक. मला ते अजिबात पटत नाही, जे दिसलंच नाही ते कसं लिहू? ‘फोटोवरून ठरवता येत नाही, कधीपासून आहे, वाढला का, रक्त येतं का, हे विचारावं’ असं चालेल का?

आणि तळपायावरचा मेलानोमा सुरुवातीला लहान, एकसारखा दिसू शकतो. मग डर्मोस्कोपीत रंग त्वचेच्या उंचवट्यांवर आहे की खाचांत, ते पाहावं, असंही जोडू का? उंचवट्यांवर असेल तर संशय जास्त, एवढं मला माहीत आहे. उद्या द्यायचं आहे, कृपया सांगा.