मदत हवी आहे: लेकीचे चार चांगले दात काढायचे की नाही? शनिवारची अपॉइंटमेंट आहे

मुलुंडची_मेघना
लेकीला ब्रेसेस लावायच्यात. एक डॉक्टर म्हणतात चार दात काढावे लागतील, दुसरे म्हणतात एकही नको, कडा घासून जागा करू. दोघंही दात सरळ करणारे ऑर्थो, दोघांकडे वेटिंगला तास तास बसावं लागतं, म्हणजे दोघंही चालणारे. शनिवारी साडेदहाला पहिले दोन दात काढायचे ठरलेत आणि माझ्या डोळ्याला डोळा नाही. किडलेले नाहीत हो, धडधाकट दात आहेत. काय करू? आणि प्लीज 'डॉक्टरांना विचारा' असं कोणी लिहू नका, त्यांनाच विचारून ही वेळ आलीय.

निवांत_नाना
ताई घाबरू नका. माझ्या दोन्ही अक्कलदाढा गेल्या वर्षी काढल्या, तीन दिवस गाल सुजला, आईस्क्रीम खाल्लं, झालं. फक्त रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

मुलुंडची_मेघना
नाना, अक्कलदाढा नाहीत, सुळ्यामागच्या छोट्या दाढा. वर दोन, खाली दोन. आणि ती शाळेत जाते, तिला कसल्या रक्ताच्या गोळ्या.

बोरिवली_फास्ट
अजिबात काढू देऊ नका!!! निरोगी दात काढणं हे जुनं झालं. माझ्या मुलाला नऊ महिने टाळूला एक्सपांडर लावला, सुरुवातीला रोज किल्ली फिरवायची, जबडा रुंद झाला, सगळे दात मावले. सरळ अपॉइंटमेंट कॅन्सल करा.

दादरचा_दंतू
मी ऑर्थो आहे, अठरा वर्षं प्रॅक्टिस. मेघनाताई, तुम्ही काहीच सांगितलं नाहीत हो. वय किती? दाटी किती मिलीमीटर, म्हणजे दात मावायला जागा किती कमी पडते, वर किती, खाली किती? बाजूने काढलेला एक्सरे, लॅटरल सेफ म्हणतात तो, दोघांनीही काढला का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती निवांत बसलेली असताना ओठ मिटलेले असतात का?

बोरिवली_फास्ट, तुमच्या मुलाचं वय काय होतं, आणि मागच्या दाढा उलट्या बसत होत्या का, म्हणजे वरच्या आत आणि खालच्या बाहेर?

बोरिवली_फास्ट
दहा. हो, एका बाजूला उलट्या होत्या. पण त्याने काय फरक पडतो, जागा ती जागा.

दादरचा_दंतू
फरक पडतो. त्याचा वरचा जबडाच अरुंद होता, वय लहान होतं, म्हणून एक्सपांडर बरोबर होता. तो वरच्या टाळूच्या मधली शिवण उघडून काम करतो. खालच्या जबड्याला तशी मधली शिवण उरलेली नसते, तिथे सुळे बाहेर ढकलले की तारा काढल्यावर परत आत यायला बघतात. त्यामुळे खाली दाटी असेल तर टाळू रुंद करून खालचा प्रश्न सुटेलच असं नाही.

मुलुंडची_मेघना
वय साडेतेरा. फाइल आत्ता काढली कपाटातून. पहिल्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय वर ४, खाली ५ मिमी कमी. खालच्या पुढच्या दातांपाशी १०३ लिहून गोल केलाय. दुसऱ्यांनी सेफ काढला नाही, ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा तो आडवा एक्सरे, आणि मोबाइलवर फोटो बघून सांगितलं. ओठ मिटतात की. उलट्या दाढा वगैरे कोणी काही बोललं नाही.

पाच मिमीसाठी चार दात? एवढं कशाला??

शिवाजी_पार्क_कट्टा
मेघना, माझं ऐक. माझे १९९७ मध्ये काढले चार, मी पंधराची होते. आज फोटोत बाजूने बघितलं की ओठ आत गेलेले आणि नाक आधी दिसतं. नवरा म्हणतो तुझंच मनात आहे, पण आईच्या अल्बममध्ये आधीचे फोटो आहेत ना. डॉक्टरांनी तेव्हा चेहऱ्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, फक्त 'दात सरळ होतील'. सरळ आहेत, मान्य.

एमडीएस_चालूय
हा वाद फार जुना आहे. १९११ ला अमेरिकेत कॅल्विन केस नावाचा ऑर्थो म्हणाला काही चेहऱ्यांत दात काढावेच लागतात आणि अँगल, म्हणजे दात न काढण्याच्या बाजूचा तेव्हाचा मोठा गुरू, त्याच्या गोटाने त्याला झोडपला. मग अँगलच्याच शिष्याने, ट्वीडने, न काढता केलेल्या केसेसमध्ये दात पुढे आलेले आणि परत वाकडे झालेले बघितले आणि दात काढून त्या केसेस पुन्हा केल्या. त्यामुळे 'जुनं झालं' हे वाक्य दोन्ही बाजूंनी बोलून झालंय :)

मेघनाताई, ४ मिमीच्या आत दाटी असेल तर सहसा काढत नाहीत, १० च्या वर गेली की बहुतेक वेळा काढतात. पाच म्हणजे मधला पट्टा. न काढता होईल.

दादरचा_दंतू
होईल, पण दात कुठे जाऊन उभे राहतील ते सांग की त्यांना. मधल्या पट्ट्यात दाटी निर्णय देतच नाही, ओठ देतात.

ताई, हिशोब साधा आहे, खालच्या जबड्याचा करू. न काढता करायचं तर ५ मिमी कुठून तरी आणायचे. पुढच्या दातांच्या कडा घासून फार तर अडीच निघतील, त्याहून जास्त घासायला मी कचरतो. उरले अडीच. ते दात पुढे झुकवून मिळतात, १ मिमी पुढे गेले की साधारण २ मिमी जागा होते, म्हणजे दात सव्वा मिमी आणखी पुढे. आता तो गोल केलेला १०३ बघा. खालचे दात जबड्याच्या कडेशी किती कलले आहेत त्याचा तो कोन असणार, नव्वदीच्या आसपास धरतात, आपल्या लोकांत थोडा जास्त असतो. तिचे आधीच पुढे कललेत, त्यात आणखी पुढे.

काढून करायचं तर दोन्ही बाजूंची मिळून साधारण १४ मिमी जागा होते. पाच दाटीत गेले, उरले नऊ, म्हणजे एका बाजूला साडेचार. ही उरलेली जागा बंद कोणी करायची, ह्यावर सगळं आहे. मागच्या दाढा दीड मिमी पुढे आल्या तर पुढचे दात ३ मिमी मागे जातील. एका प्लॅनमध्ये सव्वा पुढे, दुसऱ्यात तीन मागे. ओठ दातांइतके हलत नाहीत, पण सव्वाचार मिमीचा फरक चेहऱ्यावर दिसतो. हे चांगलं की वाईट ते तिचे ओठ बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून विचारलं होतं. 'मिटतात की' हे उत्तर आई नेहमीच देते, कारण मुलीला 'ओठ मीट बघू' म्हटलं की ती मिटते. ती टीव्ही बघत असताना, न सांगता, बाजूने फोटो काढा. मग मिटायला सांगा आणि हनुवटी बघा.

बोरिवली_फास्ट
फोटो बघून दात काढायचे! वा.

शिवाजी_पार्क_कट्टा
मग माझं काय चुकलं डॉक्टर? माझे ओठ आधी मिटायचे, शाळेच्या ग्रुप फोटोत दिसतंय.

दादरचा_दंतू
ते तुमच्या लिहिण्यातच आहे. आधी ओठ सहज मिटत होते. दाटी किती होती?

शिवाजी_पार्क_कट्टा
एक सुळा वर चढलेला. बाकी बरे होते. नाक आमच्या घरात सगळ्यांचंच असं धारदार.

दादरचा_दंतू
न बघता मी दुसऱ्याच्या कामावर शिक्का मारणार नाही. पण पातळ मिटणारे ओठ, धारदार नाक आणि थोडीशी दाटी असेल तर उरलेली जागा पुढचे दात मागे ओढूनच बंद होते आणि ओठाचा आधार जातो. अशा चेहऱ्यात मी काढायला तयार होत नाही. शिवाय वयानुसार नाक थोडं वाढतं आणि ओठ सगळ्यांचेच पातळ होतात, दात न काढलेल्यांचेही, त्यामुळे आरशातला सगळा फरक त्या चार दातांच्या खात्यावर टाकू नका.

मुलुंडची_मेघना
काल रात्री काढला फोटो. ती सिरियल बघत होती, मी भाजी निवडायचं नाटक करत बसले. तोंड उघडं. बोट मावेल एवढं. मग म्हटलं ओठ मीट, मिटले, आणि हनुवटीवर बारीक बारीक खळगे आले, संत्र्याच्या सालीसारखे. साडेतेरा वर्षं बघतेय तिला, कधी लक्षात नाही आलं. मला वाटायचं ती तोंड फुगवते.

मग आता काढायचेच का? की ही झोपेत तोंडाने श्वास घेते त्याचं असेल?

एमडीएस_चालूय
हनुवटीचा स्नायू ओढून ओठ मिटवतेय. मग मी माझं मत मागे घेतो, निदान अर्धं.

दादरचा_दंतू
आराम करताना दोन-तीन मिमी फट नॉर्मल आहे, बोट मावेल एवढी नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न चांगला आहे. फट दात पुढे आहेत म्हणून असू शकते, वरचा ओठ आखूड आहे म्हणून असू शकते, किंवा चेहऱ्याची उंचीच जास्त आहे म्हणूनही. पहिलं असेल तर दात मागे नेल्यावर ओठ मिटायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्यात चार दात काढूनही फट बरीच राहते आणि मग आई-बाप विचारतात, काढले कशाला. हसताना हिरडी खूप दिसते का ते बघा. नाक चोंदत असेल तर कान-नाक-घसावाल्यांना आधी दाखवा.

मुलुंडची_मेघना
हिरडी थोडी दिसते, खूप नाही. नाक पावसाळ्यात चोंदतं.

निवांत_नाना
वाफ घ्या. निलगिरीचे दोन थेंब.

दादरचा_दंतू
मग पहिल्या डॉक्टरांचा कल मला समजतो, इथून एवढंच म्हणेन. शनिवारी जा पण खुर्चीवर बसायच्या आधी दोन गोष्टी विचारा. शेवटी खालचे पुढचे दात आत्तापेक्षा किती मागे असतील? आणि सुळ्यामागची पहिलीच छोटी दाढ का, दुसरी का नाही? दुसरी काढली तर मागच्या दाढा जास्त पुढे येतात, पुढचे दात कमी मागे जातात, मधला मार्ग निघू शकतो. आणि दुसऱ्या डॉक्टरांना सेफ काढून पुन्हा विचारायला हरकत नाही, त्यांनी तो बघितलेलाच नाही.

बोरिवली_फास्ट
म्हणजे शेवटी काढायचेच. सगळे डॉक्टर एका माळेचे मणी.

शिवाजी_पार्क_कट्टा
नाही रे, मला निदान आज कळलं माझ्या वेळी काय विचारायला हवं होतं.

मुलुंडची_मेघना
अपडेट. शनिवारी काढले नाहीत. दोन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टर आधी जरा चिडले, मग सेफवर ट्रेसिंगचा कागद ठेवून पेन्सिलीने दात मागे सरकवून दाखवले, त्यांच्या हिशोबाने अडीच ते तीन. दुसरी दाढ का नाही विचारलं तर म्हणाले विचार करतो, मॉडेल पुन्हा मोजतो, पंधरा दिवसांनी या. दुसऱ्यांकडे मंगळवारी सेफ घेऊन जातेय. आणि लेक म्हणते मला विचारलं का कोणी, मला तर असेच ओठ आवडतात. आता ह्याला कुठला मिमी लावायचा सांगा.