सोसायटी पालक ग्रुप: शाळेत शी दाबून धरणं आणि रोजची पोटदुखी

आर्याची आई (बी-३०४): नमस्कार. आर्याचं (दुसरी, ७ वर्षं) गेला महिनाभर पोट दुखतंय. बेंबीभोवती हात फिरवून दाखवते. शाळेतून आली की जास्त, सुट्टीच्या दिवशी कमी. जंताचं औषध देऊन झालं. आता आठवडाभर चड्डीला थोडी थोडी पातळ शी लागलेली दिसते. जुलाब असतील म्हणून मऊ भात आणि ओआरएस देतेय, पण दुखणं आहे तसंच आहे. सध्या कसली साथ आहे का?

कुलकर्णी काकू (ए-१०२): अगं, बेंबीला हिंग लाव. आणि रात्री चमचाभर एरंडेल दे, सकाळी पोट साफ.

डॉक्टर ताई (सी-५०१): काकू, हिंग लावायला हरकत नाही, एरंडेल मात्र नको. पोट कशाने दुखतंय हे कळायच्या आत जोराचा जुलाब दिला आणि ते अपेंडिक्स निघालं तर प्रकरण चिघळतं.
आर्याची आई, आर्या शाळेत संडासला जाते का? आणि घरी नीट शी कधी झाली होती?

आर्याची आई: शाळेत अजिबात जात नाही. शूसुद्धा घरी येईपर्यंत धरून ठेवते. पावणेसातची बस असते, सकाळी होतच नाही. घरी यायला साडेतीन वाजतात. नीट शी चार-पाच दिवसांनी एकदा होते. तीही इतकी मोठी आणि कडक, की मागच्या वेळी कमोड तुंबला. करताना रडते. एकदा वरून थोडं लाल रक्तही दिसलं. संध्याकाळी पडद्यामागे जाऊन पाय आवळून, टाचा उचलून उभी राहते, चेहरा लाल होतो. बिचारी एवढा जोर करते, पण होत नाही.

डॉक्टर ताई: ती जोर करत नाहीये, आलेली शी आत ओढून धरतेय. पाय आवळणं, चवड्यांवर उभं राहणं, कोपऱ्यात लपणं ही सगळी शी रोखण्याची लक्षणं आहेत.
होतं असं. मूल शाळेत दाबून धरतं. शी आत थांबली की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मग ती कडक होते. कडक शी बाहेर येताना गुदद्वाराला चीर पडते, रक्त बहुधा त्याचंच. एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी घरीसुद्धा रोखतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की शेवटचं आतडं ताणून सैल झालेल्या इलॅस्टिकसारखं होतं. शी भरलीये हे मुलाला कळेनासंच होतं.

ईशानचे बाबा (बी-६०२): पण मग पातळ शी कशी?

डॉक्टर ताई: आत कडक गोळा अडकलेला असतो आणि वरून आलेली पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. तेच चड्डीला लागतं. लोकांना ते जुलाब वाटतात आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. त्याने गोळा आणखी घट्ट बसतो. आर्याला असलं काही देत असाल तर आजच बंद करा.
आणि एक, अगदी मनापासून सांगते: चड्डी खराब केली म्हणून तिला कुणी रागावू नका. झिरपलेलं तिला खरंच कळत नाही.

ईशानचे बाबा: आमच्याकडे रोज इसबगोल आणि पपई. त्याने नाही का भागणार?

डॉक्टर ताई: गोळा आत असताना नाही. इसबगोल फुगतं, अडलेल्या जागी आणखी भर पडते आणि पोट जास्त दुखतं. आधी रस्ता मोकळा करायचा, चोथ्याचं नंतर.
आर्याची आई, उद्या तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. पोटावर हात ठेवून बहुतेकदा डावीकडे खाली गोळा लागतो, सोनोग्राफी दरवेळी लागत नाही. साधारणपणे पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर देतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. गोळा काढायला वजनाच्या किलोमागे रोज १ ते दीड ग्रॅम, ३ ते ६ दिवस. म्हणजे २० किलोच्या मुलीला २० ते ३० ग्रॅम, भरपूर पाण्यातून. त्या दिवसांत शी पातळ आणि बऱ्याचदा होते, म्हणून सुट्टीला जोडून सुरू करतात. मग मात्रा बरीच कमी करून रोज चालू ठेवायची. नेमकं प्रमाण तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील, ग्रुपवर वाचून सुरू करू नका.

कुलकर्णी काकू: रोज पावडर? सवय नाही का लागायची गं पोराला?

डॉक्टर ताई: नाही काकू. ही पावडर आतड्याला ढकलत नाही, रक्तातही जवळजवळ जात नाही. खरी अडचण उलटी आहे. आठ दिवसांत बरं वाटतं, लोक पावडर सोडतात आणि महिन्याभरात पुन्हा गोळा होतो. कमीत कमी दोन महिने द्यायची, शेवटचा पूर्ण महिना विनातक्रार गेला की हळूहळू कमी करायची. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

आर्याची आई: आणि सवय कशी लावू? सकाळी सव्वासहाला उठवते, वेळच नसतो.

डॉक्टर ताई: सकाळचा आग्रह सोडा. पोटात अन्न गेलं की आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्या. शाळेतून आल्यावर खाऊ दिला की थोड्या वेळाने ५ ते १० मिनिटं बसवा. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा. कमोडवर पाय लोंबकळले तर जोर लागत नाही, पायाखाली स्टूल हवं, गुडघे कमरेच्या वर. झाली नाही तरी बसली म्हणून शाबासकी. दूध किती पिते?

आर्याची आई: तीन मोठे पेले. जेवत नाही म्हणून देतो.

डॉक्टर ताई: दुधाने पोट भरतं, म्हणून जेवत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा.

सान्वीची आई (ए-४०५): शाळेबद्दल मी सांगू का? सान्वी त्याच शाळेत आहे. दुसरीच्या मजल्यावरच्या संडासाची कडी लागत नाही, मुली बाहेरून दार ढकलतात. जेट बंद आहे, नुसती बादली-मग. सान्वीला घरी जेटची सवय, मगाने धुताच येत नव्हतं आणि सांगायची लाज वाटायची. आम्ही दर रविवारी घरी मग देऊन तिला स्वतः धुवायला शिकवलं. बाईंच्या डायरीत लिहून दिलं की तासाला हात वर केला तर लगेच सोडा. बाईंनी ऑफिसशेजारचा संडास वापरू दिला, तिथे मावशी असतात. आता ती जाते.

आर्याची आई: कडीचं आर्या कधी बोललीच नाही! आत्ता विचारलं तर मान हलवली.

सान्वीची आई: सोमवारी आपण दोघी मुख्याध्यापकांना भेटू. कडी आणि जेट, एवढंच मागायचं. दोन-चार पालक आले तर बरं.

ईशानचे बाबा: मी येतो. मुलांच्या बाजूलाही तीच गत आहे.

डॉक्टर ताई: शूचंही बोला. शू रोखून आणि मोठा गोळा मूत्राशयावर दाबून मुलींना लघवीचा संसर्ग होतो, काही जणी रात्री अंथरूण ओलं करतात.
आणि आर्याची आई, दुखणं उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, हिरवी उलटी झाली, पोट फुगून टणक झालं किंवा पाय अशक्त वाटले, तर उद्याची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

आर्याची आई: तसं काही नाहीये सध्या. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली. शुक्रवारपासून सुट्ट्या आहेत, पावडर तेव्हा सुरू केली तर चालेल का विचारते.

डॉक्टर ताई: विचारा. आणि वहीत रोज लिहा: शी झाली का, कडक की मऊ, चड्डीला लागलं का. पुढच्या वेळी मात्रा ठरवताना डॉक्टर आधी तेच बघतील.