रोज दोनच ऑर्डर येतील एवढं बजेट: बिड कॅप ठेवू की ऑटोमॅटिकवर सोडू?

मृण्मयी: नमस्कार. मी मेटावर हाताने बांधलेल्या वह्यांच्या जाहिराती चालवते. रोजच्या बजेटमध्ये साधारण दोन ऑर्डर येतात, म्हणजे आठवड्याला चौदा. चार ॲड सेट आहेत आणि चारही महिनाभर `Learning limited` दाखवतायत, म्हणजे सिस्टिमला शिकायला पुरेशा ऑर्डर मिळत नाहीत. ओळखीच्या एकांनी सुचवलं म्हणून सोमवारी चारही सेटना बिड कॅप, म्हणजे लिलावातल्या बोलीची कमाल मर्यादा लावली, एका ऑर्डरमागे सरासरी जेवढा खर्च येत होता तेवढीच. तीन दिवसांत बजेटचा दहावा हिस्साही खर्च झाला नाही. आता कॅप वाढवू की परत ऑटोमॅटिकवर जाऊ?

ऋषिकेश: परत जाऊ नका. ऑटोमॅटिकला बजेट संपवण्यापलीकडे काही दिसत नाही, ऑर्डर महाग पडली तरी ते खर्च करतच राहतं. कॅप रोज पाच टक्क्यांनी वाढवा आणि खर्च सुरू झाला की तिथेच थांबा.

विद्याधर: मी कायम मॅन्युअलच वापरतो. ज्या कीवर्डवर विक्री होत नाही त्याची बिड कमी करायची, जो चालतो त्याची वाढवायची. कोणता शब्द महाग पडतोय ते आधी तपासा.

अनघा: विद्याधर, तुम्ही सर्चबद्दल बोलताय. इथे कीवर्ड नसतात.

ऋषिकेशचं ऑटोमॅटिकबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, ऑटोमॅटिक म्हणजे `Highest volume`, ते बजेट पूर्ण वापरायलाच बघतं. पण कॅप म्हणजे सरासरी नव्हे. प्रत्येक लिलावात तुमची बिड आणि समोरचा माणूस खरेदी करण्याची अंदाजे शक्यता यांचा गुणाकार होतो, त्यात जाहिरातीच्या दर्जाची भर पडते. सरासरी खर्चात काही ऑर्डर निम्म्यात आलेल्या असतात, काही दीडपटीत. कॅप सरासरीवर ठेवली की दीडपटीतल्या सगळ्या हातच्या जातात. त्यात तुमच्या प्रत्येक सेटला आठवड्याला जेमतेम तीन-चार ऑर्डर मिळतात, म्हणजे शक्यतेचा तो अंदाजच कच्चा. अंदाज कमी निघाला आणि बिडही बांधलेली असली, तर गुणाकार लिलाव जिंकण्याएवढा होत नाही. तुमचा खर्च थांबलाय तो बहुधा याच कारणाने.

मी तुमच्या जागी असते तर चार सेटचा एकच केला असता, बिडिंग ऑटोमॅटिकवर ठेवलं असतं आणि दोन आठवडे हात लावला नसता. बिड स्ट्रॅटेजी बदलली, नवी जाहिरात घातली किंवा टार्गेटिंग बदललं की लर्निंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पाच टक्क्यांच्या बदलाने तसं होईलच असं नाही, पण रोज आकडा हलवला तर कशामुळे काय झालं ते तुम्हालाच कळणार नाही.

मृण्मयी: एकच सेट केला तरी चौदाच ऑर्डर ना? लर्निंग संपायला आठवड्याला पन्नासच्या आसपास लागतात असं वाचलंय. मग शिक्का तसाच राहणार.

अनघा: राहील. पण `Learning limited` म्हणजे जाहिरात बंद पडली असं नाही. तीन-चार ऑर्डरवर चार ठिकाणी अंदाज बांधण्यापेक्षा चौदांवर एकाच ठिकाणी बांधलेला बरा, एवढाच फायदा.

प्रशांत: माझंही असंच होतं, तेव्हा मी पर्चेसऐवजी `Add to cart` वर ऑप्टिमाइझ केलं. आठवड्यात साठ-सत्तर नोंदी झाल्या आणि लर्निंग पाच दिवसांत संपलं.

ऋषिकेश: आणि ऑर्डर?

प्रशांत: कमी झाल्या. कार्ट भरून निघून जाणारेच जास्त आले. आधी कार्टमधल्या पाचांपैकी एक जण घ्यायचा, मग दहांत एक. तीन आठवड्यांनी परत पर्चेसवर आलो.

अनघा: सिस्टिम तुम्ही मागाल तीच माणसं शोधते. कार्ट आणि खरेदी यांचं प्रमाण टिकत असेल तरच ही वाट धरावी, आणि बदलानंतर पहिल्याच आठवड्यापासून ते मोजावं.

ऋषिकेश: तरी खर्चावर काही लगाम हवाच. मग `Cost per result goal`? ते सरासरी धरून चालतं.

अनघा: तुलनेने ते मऊ आहे, मान्य. पण लर्निंग चालू असताना खर्च त्या आकड्याच्या वर जाऊ शकतो आणि आकडा फार कमी ठेवला तर पुन्हा खर्चच होत नाही. मी आधी ऑटोमॅटिकवर खरी सरासरी बघते, मग तिच्यापेक्षा थोडं वर लक्ष्य ठेवते. इतक्या लहान बजेटवर त्याने फरक पडतो का, हे मला माझ्या कामात तरी नीट दिसलेलं नाही.

मृण्मयी: दोन आठवडे थांबायचं ठरवलं आणि पहिल्या आठवड्यात दहाच ऑर्डर आल्या तर?

अनघा: तरी थांबा. चौदाची सरासरी असताना एखाद्या आठवड्यात दहा, एखाद्यात अठरा हे निव्वळ योगायोगानेही होतं. सहा-सात आल्या तर मात्र आधी वेबसाइटवरची पर्चेसची नोंद तपासा. ऑर्डर येत असतील पण पिक्सेल मोजत नसेल, तर बिडिंग कुठलंही ठेवा, ते चुकीच्याच आकड्यांवर शिकेल.

मृण्मयी: आज कॅप काढून चारांचा एक सेट केला. प्रत्येक सेटमध्ये तीन, अशा बारा जाहिराती होत्या. त्या सगळ्या नव्या सेटमध्ये ठेवू का?

अनघा: बारा फार होतात. तीन-चार निवडा.

ऋषिकेश: मी तर दोनच ठेवेन. चौदा ऑर्डर चार जाहिरातींत वाटल्या की कोणती चालते तेही कळत नाही.