बोअरचं पाणी, आरओ आणि कॉफी: मिश्रणात मॅग्नेशियम घालावं का?

मदत हवी आहे. घरी एस्प्रेसो मशीन आहे, वाफेचा बॉयलर वेगळा. बोअरच्या पाण्याच्या चाचणीत कठीणपणा 350 आणि अल्कता 280 निघाली (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, मिग्रॅ/लिटर). या पाण्यात कॉफीचा आंबटपणा पूर्ण दबतो, चव खडूसारखी लागते आणि किटलीत पांढरा थर बसतो. थर व्हिनेगरने निघतो, पण मशीनमध्ये तो बसूच द्यायचा नाही.

नुसतं आरओ वापरून पाहिलं. त्यात दोन्ही आकडे 10 च्या आसपास आहेत, त्यामुळे थर नाही, पण कॉफी पातळ आणि टोचरी आंबट होते. सध्या एक भाग बोअर, सहा भाग आरओ घेते. हिशोबाने कठीणपणा 59, अल्कता 49. आंबटपणा छान उतरतो, पण चवीला भरीवपणा कमी वाटतो. बोअरचा वाटा वाढवला तर अल्कताही वाढते, म्हणून ते नको.

विचार असा आहे की लिटरमागे 75 मिलिग्रॅम खाद्य दर्जाचं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालावं. कठीणपणा 90 च्या जवळ जाईल, अल्कता तीच राहील. टीडीएस मीटर नुसती बेरीज दाखवतो, म्हणून थेंब मोजायचं टायट्रेशन किट घेतलं आहे. सॉफ्टनर बसवायला जागा नाही. बीन्स मध्यम भाजलेले, दळण तेच ठेवलं आहे.

वाफ निघून जाते आणि क्षार मागे साठतात. मग अशा पाण्यावर वाफेच्या बॉयलरमध्ये मॅग्नेशियम सल्फेटचा त्रास कोणाला झाला आहे का, आणि तो बॉयलर किती दिवसांनी रिकामा करता?